विषय: सहामाही आढावा, गुरुवार 9 ऑक्टोबर, सकाळी 11

नमस्कार स्नेहल,

एप्रिल ते सप्टेंबर 2025 चा कामाचा आढावा दिवाळीच्या सुट्ट्यांआधी संपवायचा आहे. आपल्या टीममधल्या आठही जणांशी मी या दोन आठवड्यांत बोलतो आहे. तुमच्यासाठी गुरुवारी 11 ते 11:45 ही वेळ आणि दुसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम धरली आहे. आपण दोघंच असू.

एप्रिलमध्ये ठरवलेली चार उद्दिष्टं घेऊन बोलू: काय पूर्ण झालं, काय मागे राहिलं आणि का. जुलै-ऑगस्टचे स्टॉक रिपोर्ट उशिरा गेले, त्यावरही बोलायचं आहे. गोदामाकडून आकडे किती तारखेला हातात येत होते, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे. माझ्याकडून काय मदत हवी, तेही सांगा. पगारवाढीचा विषय मार्चच्या वार्षिक आढाव्यात येतो, या बैठकीत नाही.

वेगळी तयारी नको. उद्दिष्टांची शीट तेवढी उघडून ठेवा. ही वेळ जमत नसेल तर शुक्रवारी दुपारी 3 वाजताही चालेल. बुधवार संध्याकाळपर्यंत कळवा.

मिलिंद