विज्ञान प्रदर्शनातील द्रवविषयक प्रतिकृतींसाठी निधी मिळण्याबाबत

दि. ४ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापक

महोदय,

शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी नववीचे विद्यार्थी द्रवांच्या दाबावरील तीन साध्या प्रतिकृती स्वतः बनवणार असून, त्यासाठी १,४०० रुपये मंजूर करावेत, ही विनंती. पास्कलचा नियम मुले पाठ करतात. परंतु नळीने जोडलेल्या, पाण्याने भरलेल्या दोन सिरिंजांपैकी मोठीचा आतील व्यास दुप्पट असल्यास तिच्या दट्ट्यावर चौपट बल मिळते, हे बोटांना जाणवले की मोटारीचे ब्रेकही उमगतात. खोलीनुसार वाढणारा दाब दाखवणारी छिद्रांची बाटली आणि पाण्याची बंद बाटली दाबताच तिच्यात बुडणारा ड्रॉपर बहुतांशी टाकाऊ साहित्यातून होतील. खर्च मुख्यतः सिरिंज (सुयांशिवाय), नळ्या व लाकडी चौकटींचा आहे. पावत्या कार्यालयात जमा करीन.

आपली विश्वासू,
विज्ञान शिक्षिका, इयत्ता नववी