विषय: गर्भारपणातल्या मळमळीमुळे ३१ ऑगस्टपर्यंत छोटे ब्रेक आणि कामाच्या वेळेत बदल मिळण्याबाबत

सोमवार, १३ जुलै २०२६

जोशी सर,

नमस्कार.

मला दिवस गेले आहेत. आज नऊ आठवडे पूर्ण झाले असून डॉक्टरांनी १५ फेब्रुवारी ही तारीख दिली आहे. ही बातमी तुम्हाला बारा आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर सांगायचं ठरवलं होतं. पण गेले तीन आठवडे मळमळ दिवसभर असते, दिवसातून तीन-चारदा उलटी होते आणि वजन ५४ वरून ५२.२ किलोवर आलं आहे. त्याचा कामावर परिणाम व्हायच्या आधीच तुमच्याशी बोलून नीट व्यवस्था लावावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.

हा त्रास साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींचा चौदा ते सोळा आठवड्यांत ओसरतो. माझे सोळा आठवडे ३१ ऑगस्टला भरतात, म्हणून तेवढ्याच सात आठवड्यांसाठी मागते आहे. १४ ऑगस्टला आपण एकदा बसून बघू. त्रास तोवर कमी झाला असेल तर मी आधीच नेहमीच्या वेळेवर येईन.

सगळ्यात मोठी अडचण सकाळची आहे. साडेनऊला ऑफिसात पोहोचायचं तर डोंबिवलीहून आठच्या आसपासची फास्ट पकडावी लागते, दादरला उतरून स्लोने करी रोड. पावसाळ्यात डब्याच्या खिडक्या बंद असतात आणि ओले कपडे, अत्तर, डब्यातली भाजी असे सगळे वास एकत्र येतात. मध्येच उतरावं लागलं तर पुढच्या फास्टमध्ये चढायला मिळेलच असं नाही. दिव्यांगांच्या डब्यातून गर्भवतींना जाता येतं, तसं मी जातेही, पण त्या वेळेला तोही भरलेला असतो. शिवाय रात्री घ्यायच्या मळमळीच्या गोळीने (डॉक्सिलामीन आणि बी-६) सकाळी दहापर्यंत झापड राहते.

म्हणून सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी ११ ते ७:३० ऑफिस, आणि मंगळवार-गुरुवारी घरून काम, अशी विनंती आहे. आपली नेहमीची वेळ ९:३० ते ६:३०, त्यात जेवण-चहाचा एक तास, म्हणजे काम आठ तास. नव्या वेळेत जेवणाला अर्धा तास आणि दहा-दहा मिनिटांचे चार ब्रेक धरले तर ऑफिसच्या दिवशी काम ७ तास २० मिनिटं होतं. तीन दिवसांची मिळून दोन तासांची तूट मी मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठनंतर एकेक तास जादा बसून भरून काढेन. प्रवासाचे तीन तास वाचत असल्यामुळे ते मला जमेल.

ब्रेक १२:१५, ३:४५, ५:१५ आणि ६:३० ला हवे आहेत, जेवण पावणेदोनला. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते आणि एकदम पोटभर जेवलं तरी उलटते, त्यामुळे दर दीड-दोन तासांनी चार घास खाणं हाच डॉक्टरांनी सांगितलेला पहिला उपाय आहे. मूठभर कुरमुरे-चणे किंवा दोन मारी बिस्किटं, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. खाणं आणि पाणी एकाच वेळी घेतलं तर हमखास उलटी होते, म्हणून पाण्याची बाटली टेबलावरच ठेवू द्यावी. उलटी मात्र वेळ सांगून येत नाही. तेव्हा परवानगी विचारत थांबता येणार नाही. मी उठून जाईन आणि शक्य झालं तर प्रज्ञाला खूण करेन. पाच ते पंधरा मिनिटांत परत जागेवर असेन. व्हिडिओ कॉल चालू असेल तर कॅमेरा बंद करून जाईन.

जागेबद्दल एक विनंती, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडेल. माझं टेबल पँट्रीच्या दाराला लागून आहे. एक वाजल्यापासून मायक्रोवेव्हमध्ये एकेक डबा गरम होतो आणि दार उघडलं की फोडणीचा, मासळीचा वाफारा थेट तोंडावर येतो. कुणी काय आणावं यावर बंधन घालू नये, लोकांना त्यांचं जेवण गरम खाऊ दे. तिसऱ्या रांगेत खिडकीकडची दोन टेबलं रिकामी आहेत, तिथून वॉशरूमही जवळ आहे. त्यातलं एक मला मिळावं. झेरॉक्स मशीनच्या वर भिंतीला लावलेलं, दर थोड्या वेळाने फवारा सोडणारं एअर फ्रेशनरही त्या टेबलापासून लांब हलवता आलं तर बरं होईल.

आता कामाचं. ७ तारखेचा टीडीएस भरणा आणि ११ चं जीएसटीआर-१ या महिन्यात वेळेत झालं आहे. १४ ला २बी आलं की मी मिळवणी सुरू करेन आणि ३बी चा मसुदा १७ लाच तुमच्याकडे देईन, म्हणजे २० तारीख माझ्या तब्येतीवर अवलंबून राहणार नाही. ऑगस्टमध्येही हाच क्रम ठेवेन. बँक पेमेंटच्या नोंदी मी दुपारी बारानंतरच टाकेन. झापड असताना रकमेतला एखादा शून्य किंवा खाते क्रमांकातला आकडा चुकतो, आणि तपासणारा घाईत असेल तर ती चूक तशीच पुढे जाते. व्हेंडरची कागदी बिलं ऑफिसच्या तीन दिवसांत स्कॅन करून ठेवेन आणि घरच्या दिवशी टॅलीत चढवेन. कुठलं काम कुठवर आलं ते रोज निघताना शेअर्ड शीटवर लिहीन, म्हणजे मी अचानक आले नाही तरी प्रज्ञाला तिथूनच पुढे नेता येईल. तिच्यावर जास्तीचा भार पडला तर तो तिच्या कामात मोजला जावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

एखाद्या दिवशी पाणीही पोटात ठरलं नाही तर सलाइन लावायला या, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तशी वेळ आली तर सकाळी साडेआठच्या आत तुम्हाला व्हॉट्सअॅप करेन. गर्भारपणातल्या आजारासाठी प्रसूतीच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजेची कायद्यात तरतूद आहे. ती आज मागत नाही, कारण एवढी व्यवस्था झाली तर काम चालू ठेवता येईल असं मला वाटतं. पण वजन आणखी उतरलं तर ती घ्यावी लागेल, याची तुम्हाला आधीच कल्पना असावी.

सोनोग्राफी होईपर्यंत ही गोष्ट तुम्ही, मी आणि एचआर एवढ्यातच राहावी. टीममध्ये कुणी विचारलं तर 'तब्येतीमुळे वेळ बदलली आहे' एवढं पुरेसं आहे. आणि सर, माझी काळजी म्हणून सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटमधून मला काढू नका. ते काम मला करायचं आहे आणि तोवर मी ठीक असेन.

बुधवारी १५ तारखेला साडेबाराला दहा मिनिटं मिळाली तर बोलू. यातली एखादी गोष्ट जमणार नसेल तर दुसरा मार्ग काढायची माझी तयारी आहे, फक्त सकाळची वेळ आणि टेबल या दोन गोष्टी शक्यतो व्हाव्यात. तुमचा होकार ईमेलवर आला, त्यात एचआरलाही ठेवलं, म्हणजे हजेरीच्या मशीनवर अकराची नोंद 'लेट मार्क' म्हणून धरली जाणार नाही. गुरुवारपासून सुरू करता आलं तर फार मदत होईल.

आपली,
स्नेहा
अकाउंट्स विभाग

सोबत: डॉक्टरांचं सर्टिफिकेट