टेबल ४, रात्री ८ : सहा मालवणी पदार्थ, वाढताना बोलायचा मजकूर

(एप्रिल, सहा पाहुणे. दाराकडची खुर्ची १, तिथून घड्याळाच्या दिशेने. पाणी ठेवून झालं की बोलायला सुरुवात.)

नमस्कार, या, बसा. आज मालवणी पद्धतीचे सहा पदार्थ आहेत, पावणेदोन तास लागतील. कुणाला लवकर निघायचं असेल तर आत्ताच सांगा. मधले पदार्थ थोडे जवळजवळ आणता येतात, शेवटचे नाही.

बुकिंगच्या वेळी तीन गोष्टी कळवल्या होत्या, तरी पुन्हा विचारतो. ताई, तुम्हाला कोळंबी, खेकडा, तिसऱ्या चालत नाहीत. मासा चालतो ना? दादा, तुम्हाला काजू नाही. शेंगदाणा, तीळ, नारळ? काकू, तुम्हाला गहू अजिबात नाही, रवा-मैदासुद्धा नाही. बाकी कुणाला लसूण, दूध, मोहरी, काही? "थोडं चालतं" असं असेल तर तेही सांगा.

(ताई खुर्ची ३, दादा ५, काकू ६. ३ आणि ५ ला खाली वाकून हळू आवाजात विचारायचं: "ॲलर्जीचं इंजेक्शन जवळ असतं का? कुठल्या पर्समध्ये?" मग किचनला खुर्चीच्या आकड्यासकट सांगायचं. किचनने ते परत म्हणून दाखवल्याशिवाय तिथून हलायचं नाही. खुर्ची ६ साठी हिंग बंद, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. हे हमखास विसरतं.)

पहिली सोलकढी. कोकम आगळ आणि नारळाचं दूध आत्ताच एकत्र केलंय. ठेवली की फुटते, पाणी आणि चोथा वेगळे होतात. लसूण आणि हिरवी मिरची आहे. दोन घोटांत संपवा.

(६० मिली. ग्लास रिकामे होताना बोंबील तेलात सोडायला सांगायचं, आधी नाही.)

दुसरा बोंबील. अंगात पाणी फार, म्हणून चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढलंय. तसाच तळला तर रवा सुटतो आणि तुकडा कढईत मोडतो. मधला काटा मऊ असतो, खाल्ला तरी चालतो. काकू, तुमचा तांदळाच्या पिठात, वेगळ्या कढईत तळलाय.

(इथे वीस सेकंदांच्या वर बोलायचं नाही. तीन मिनिटांत कुरकुरीतपणा जातो.)

तिसऱ्यांचं सुकं, सोबत घावन. शिजूनही न उघडलेली तिसरी आत टाकून दिलीय. तरी एखादी बंद दिसली तर उघडू नका, बाजूला ठेवा. ताई, तुमच्यासाठी कुयरीची भाजी, कोवळ्या फणसाची.

(खुर्ची ३ ची थाळी आधी, एकटी, दुसऱ्या हातात काही न घेता आणायची. तिसऱ्यांचं भांडं तिच्या समोरून फिरवायचं नाही, तिचा चमचा दुसऱ्या वाटीत जाऊ द्यायचा नाही. ओठांना खाज, अंगावर पित्त, आवाज बसला असं काही दिसलं तर वाट पाहायची नाही: खाणं थांबवा, श्वास लागत असला किंवा आवाज बसला तर लगेच इंजेक्शन द्या, १०८ ला फोन. सगळं ठीक असेल तर हा पदार्थ संपल्यावर दहा मिनिटं विश्रांती, पाणी भरा.)

आता ओल्या काजूची उसळ आणि आंबोळी. हे काजू याच दिवसांत मिळतात. टरफलाच्या चिकाने सोलणाऱ्याची बोटं भाजतात, म्हणून हाताला तेल लावून सोलतात. दादा, तुम्हाला कडव्या वालाचं बिरडं आहे. त्याचं वाटण, कढई आणि पळीसुद्धा वेगळी. आंबोळीत तांदूळ, उडीद, मेथी एवढंच.

(वाढताना मोठ्याने म्हणा, "वाल, खुर्ची ५". वाल आणि काजू दोन्ही नारळाच्या वाटणात सारखेच दिसतात, चूक इथेच होते. खुर्ची ५ ने आंबोळी मोडल्यावरच पुढचं पातेलं चढवायला सांगा. बांगडा बारा मिनिटांत होतो.)

पाचवं, बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाच्या भातासोबत. तिरफळाचं बी काढून नुसती साल ठेचून घातलीय. जिभेला किंचित मुंग्या येतील, तो तिरफळाचाच गुण. तरी एखादा काळा दाणा आलाच तर चावू नका. काटे बारीक आहेत, लहान घास घ्या.

(खुर्ची ५ ला गोड वाढण्याआधी विचारा: "दादा, आंबा खाऊन किंवा सालीला हात लागून कधी खाज आली आहे?" काजू आणि आंबा एकाच कुळातले. हो म्हणाले तर आंबा नाही, नुसती खापरोळी. नक्की सांगता आलं नाही तरी नाहीच.)

शेवटी खापरोळी, गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात, वेलची. बाजूला हापूस. दूध गरम नाही, मुद्दाम. गरम केलं की फाटतं. खापरोळी दोन मिनिटं भिजू द्या, मग मधोमध चमचा घाला.

(आंबा पाहुण्यांसमोर कापायचा नाही, चीक देठापाशी असतो, तो भाग किचनमध्येच टाका. खुर्ची ५ ची वाटी आंब्याच्या ताटापासून वेगळ्या ट्रेमध्ये आणा, आणि पहिला घास जाईपर्यंत तिथेच थांबा.)