बावन्न वजा सत्तावीस बरोबर पस्तीस : वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद वर्गात कसे ओळखायचे

(आंतरवासितेसाठी शाळेत जाणाऱ्या डी.एल.एड. द्वितीय वर्षाच्या छात्राध्यापकांसाठी)

तिसरीचा वर्ग. फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण आहे. एका मुलीने पाटीवर ३५ लिहिले. आता शिक्षक काय करतील?

एक शिक्षिका म्हणतील, "चुकलं. दोनातून सात जात नाहीत, दशक घ्यायचा. हे बघ असं." त्या एक उदाहरण सोडवून दाखवतील, लगेच तसलीच पाच उदाहरणे देतील, प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे तपासतील आणि बरोबर आले की "शाबास" म्हणतील. दुसऱ्या शिक्षिका पाटीजवळ बसून विचारतील, "हे कसं केलंस, सांग बरं." मुलगी सांगेल, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन."

पहिली रीत वर्तनवादाची, दुसरी ज्ञानरचनावादाची. दोन्ही सिद्धांतांच्या व्याख्या तुम्ही परीक्षेसाठी पाठ केल्याच असतील. पण वर्गात फरक ओळखायचा असेल तर चुकीच्या उत्तराचे शिक्षक काय करतात हे पाहा. वर्तनवादाला चूक म्हणजे सुधारायचा प्रतिसाद वाटतो. ज्ञानरचनावादाला ती मुलाच्या विचारात डोकावण्याची खिडकी वाटते. ही मुलगी निष्काळजी नाही. "मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा" हा नियम तिने स्वतः बनवला आहे, आणि ५८ − २७ सारख्या उदाहरणांत तो आजवर प्रत्येक वेळी बरोबर ठरला आहे.

वर्तनवाद : काय म्हणतो आणि काय देतो

१९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी मांडले की मानसशास्त्राने मनात काय चालते यापेक्षा दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा. त्याआधीच पावलॉव्ह यांनी दाखवले होते की अन्नाशी वारंवार जोडलेल्या संकेतानेच कुत्र्याला लाळ सुटते. थॉर्नडाइक यांच्या पेटीतल्या मांजराने दाखवले की ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती पक्की होते. स्किनर यांनी याच धाग्यावर साधक अभिसंधान उभे केले : वर्तनानंतर काय मिळते, यावर ते वर्तन पुन्हा होणार की नाही हे ठरते.

मधल्या सुट्टीच्या घंटेने भूक लागणे हे पावलॉव्हचे. गणिताच्या तासाला ओरडा खाल्लेल्या मुलाचे हात ते पुस्तक पाहताच गार पडणे हेही पावलॉव्हचेच. हे अभिसंधान कोणी ठरवून केलेले नसते, तरी ते होते. म्हणून पहिल्या आठवड्यात तुमचा आवाज मुलांच्या मनात कशाशी जोडला जातो आहे, याकडे लक्ष द्या.

प्रबलनाबाबत सरावपाठात नेहमी एक घोटाळा होतो : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असे छात्राध्यापक लिहितात. तसे नाही. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतेच. गृहपाठ वेळेवर आणणाऱ्यांना शुक्रवारचा गृहपाठ माफ केला आणि मुले वेळेवर आणू लागली, तर ते ऋण प्रबलन, कारण नको असलेली गोष्ट काढून घेतली. शिक्षेने वर्तन कमी होते, पण त्याऐवजी काय करायचे हे मुलाला कळत नाही. आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मनाईच आहे.

रोजचे उदाहरण घ्या. हात वर न करता "बाई, मी सांगते! मी सांगते!" असा ओरडा सुरू होतो. तुम्ही चार वेळा दुर्लक्ष करता आणि पाचव्या वेळी कंटाळून "बरं, सांग" म्हणता. आता ओरडणे आणखी चिवट होईल, कारण अधूनमधून मिळणारे प्रबलन सतत मिळणाऱ्यापेक्षा वर्तन जास्त घट्ट करते. हे थांबवायचे असेल तर ओरडणाऱ्याला एकदाही संधी द्यायची नाही आणि हात वर करणाऱ्याला पहिल्या काही सेकंदांतच द्यायची. सुरुवातीचे एक-दोन दिवस ओरडा वाढतो, कारण आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जोराने करून पाहते. बहुतेक जण नेमके इथेच माघार घेतात आणि उपाय चुकीचा होता असे समजतात.

कौतुकाचे शब्द नेमके हवेत. सगळ्यांना सारखेच "व्हेरी गुड" मिळाले तर कशाबद्दल मिळाले हे कळत नाही. "एककाखाली एकक नीट मांडलेस" म्हटले तर तीच मांडणी पुन्हा दिसते. बक्षिसे मात्र जपून. १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना चित्र काढण्यासाठी बक्षीस आधीच कबूल केले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. आवडीने गोष्टीची पुस्तके वाचणाऱ्या मुलाच्या वहीत प्रत्येक पुस्तकामागे स्टार चिकटवू नका.

ज्ञानरचनावाद : काड्यांचे गठ्ठे आणि त्यातली गंमत

ज्याँ पियाजे यांच्या मते मूल नवा अनुभव आधी जुन्या चौकटीत बसवून पाहते. हे सात्मीकरण. बसला नाही तर चौकटच बदलावी लागते. हे समायोजन. आपल्या मुलीची चौकट आहे "मोठ्यातून लहान". ती मोडेल असा अनुभव आला नाही, तर तुम्ही सांगितलेला "दशक घ्यायचा" हा नियम जुन्या नियमाशेजारी नुसता पडून राहतो. मग घटक चाचणीत, पंधरा दिवसांनी, जुनाच नियम वर येतो. "काल येत होतं, आज विसरली" असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती विसरलेली नसते.

हा पाठ ३५ मिनिटांत, ३० मुलांत असा घेता येतो. मुलांच्या १५ जोड्या. प्रत्येक जोडीला दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या, म्हणजे एकूण ७८० काड्या. त्या आदल्या दिवशी रबरबँड लावून, जोडीनिहाय पिशव्यांत भरून ठेवा. वर्गात मोजायला बसलात तर दहा मिनिटे तिथेच जातात. गठ्ठा मुलांना सहज सोडता आला पाहिजे. सेलोटेप लावलेल्या गठ्ठ्याने पाठाचा मुद्दाच हरवतो. दहाच्या खेळण्यातल्या नोटाही चालतात, पण नंतर : नोट सुटी करून आणावी लागते, गठ्ठा डोळ्यांदेखत सुटतो.

पहिली ३ मिनिटे प्रश्न : "५२ काड्यांतल्या २७ मला द्या. किती उरतील, आधी अंदाज लिहा." पुढची १२ मिनिटे जोड्या काम करतील. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, तिथे मुले अडतात. अडू द्या. प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबा. लगेच बोललात तर विचार तुमचाच होतो. मदत पायरीपायरीने : "सुट्या किती आहेत?", मग "सात द्यायच्यात, आणखी कुठून आणशील?", आणि अगदी शेवटी "हा गठ्ठा सोडला तर?" तिसरा प्रश्न जवळजवळ उत्तरच आहे, तो आधी वापरू नका. व्हायगॉट्स्की यांचे समीपस्थ विकास क्षेत्र म्हणजे हीच जागा : मूल एकटे करू शकत नाही, पण थोड्या आधाराने करू शकते. या आधाराला ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहिली की परांची काढायची असते.

नंतरची १० मिनिटे चर्चा. आधी ३५ म्हणणाऱ्या जोडीला बोलवा आणि उरलेल्या काड्या मोजायला सांगा. "पाटीवर ३५, हातात २५, असं कसं?" हा प्रश्न वर्गाला टाका. मुलीला कमीपणा वाटू नये याची काळजी तुमच्या आवाजाने घ्यायची आहे. शेवटची १० मिनिटे लेखन : गठ्ठा सोडताना पाटीवर ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२. हा दुवा राहिला की सगळा पाठ कोसळतो. मुलांना काड्या येतात, वहीतली वजाबाकी येत नाही, आणि दोष कृतीवर जातो.

विज्ञानात हेच. संत्रे सालीसकट पाण्यात तरंगते, सोलले की बुडते. "हलकी वस्तू तरंगते" म्हणणारे मूल इथे अडखळते, कारण सोलल्यावर संत्रे हलकेच झालेले असते.

मराठी मुलांच्या काही चुका भाषेतूनच येतात. "बावन्न" ऐकताना दोन आधी, पन्नास नंतर, म्हणून मूल २५ लिहिते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "पन्नास दोन" असे वाचन आले आणि मोठा वाद झाला, त्यामागचा विचार हाच होता.

गैरसमज आणि निवड

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर आपल्याकडे ज्ञानरचनावाद हा शब्द खूप फिरला. फरशीवर तैलरंगाने शब्दचक्रे आणि संख्यापट्ट्या रंगल्या. साहित्य चांगलेच आहे, पण त्या चक्राभोवती मुले शिक्षकांच्या मागून एका सुरात म्हणत असतील, तर तो शुद्ध वर्तनवादी सराव आहे. सराव वाईट नाही, त्याला दुसरे नाव देणे चुकीचे आहे. उलट, साध्या खडूफळ्यावर "अजून कोणत्या रीतीने येईल?" हा प्रश्न टाकला तरी रचना सुरू होते. पाहायचे एवढेच की विचार कोण करते आहे.

पाढ्यांत दोन्ही लागतात. ७ × ८ विसरलेल्या मुलाला ७ × ७ मध्ये ७ मिळवून किंवा पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा करून ५६ काढता आले, तर पाढा समजला. पण प्रत्येक वेळी असे काढत बसला तर भागाकारात तो दमतो. म्हणून समज आधी, मग रोज पाच मिनिटे तोंडी सराव, चूक लगेच दुरुस्त. अक्षराचे वळण, रांगेत हात धुणे, प्रयोगशाळेत बर्नर आधी बंद करणे यांत शोध घ्यायचे काही नाही. दाखवा, करून घ्या, लगेच सांगा. अपूर्णांक, क्षेत्रफळ, ऋतू का होतात, कवितेचा अर्थ, इथे नुसते सांगून भागत नाही.

पाठ टाचणात "पद्धत : ज्ञानरचनावादी" एवढेच लिहून मार्गदर्शकांची सही घेऊ नका. त्याखाली तीन ओळी लिहा : मुले बहुधा कोणते चुकीचे उत्तर देतील, ते देण्यामागचा त्यांचा नियम काय असेल, आणि तो नियम कोणत्या वस्तूने किंवा उदाहरणाने अडेल. पाठानंतर समासात तीन मुलांची वाक्ये जशी बोलली तशीच टिपा. ३५ वाली मुलगी काड्या मोजून "मग मी उलटंच वजा करत होते" म्हणाली, तर पुढच्या तासाला तिला ६३ − २८ काड्यांशिवाय द्या. आणि नुसतीच गप्प राहिली, तर तिच्या जोडीला पुन्हा काड्यांची पिशवी द्या.