गोठ्यातल्या तिघांची नावं

चि. सौ. वैशाली हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री गाय व्याली, कालवड झाली, आणि त्याच आठवड्यात शेळीला जुळी करडं झाली, एक पाट, एक बोकड. वाचून जीव सुखावला. खरवस मिळाला नाही म्हणून रुसलेय, ते आल्यावर बघू. तू नावं विचारलीस, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

आधी एक सांगते. जनावराचं नाव कागदावर बघू नकोस, हाक मारून बघ. आपण नाव ठेवतो हरणी, पण माळावर ओरडतो "हरणेऽऽ". कपिला ठेवलं तर "कपिलेऽऽ". जनावर ओळखतं ते हे हाकेतलं नाव. माळावरच्या वाऱ्यात बाकीची अक्षरं विरून जातात, शेवटचा लांबवलेला स्वर तेवढा ओढ्यापलीकडं पोचतो. म्हणून अर्ध्यावर तुटणारं नाव नको. 'रतन' नाव छान, पण ओढायला गेलीस की 'न'वर तोंड मिटतं. तिलाच 'रतनी' म्हण, बघ "रतनेऽऽ" कसं लांब जातं.

कालवडीचं डोकं तांबूस आहे म्हणून पोरं 'तांबडी' म्हणतायत, असं लिहिलंस. ते होऊ देऊ नकोस. खिलार वासराच्या डोक्यावरचा तो तांबूसपणा दोन-तीन महिन्यांत जातो आणि अंग पांढरंधोट होतं. मग पांढऱ्या गाईला तांबडी म्हणत बसायचं का? 'धवळी' शोभेल, 'चंद्री'ही गोड आहे. पण पाय लांब आणि कान सतत टवकारलेले आहेत म्हणतेस, तर माझ्या मनात 'हरणी'च येते. गौरी मात्र ठेवू नका. आमच्या शेजारी गाईचं नाव गौरी होतं आणि त्याच नावाची सून आली. सासू दारात उभी राहून गाईला हाक मारायची आणि ती पोर हातातलं काम टाकून बाहेर यायची. दोनदा तिचे डोळे भरलेले मी पाहिलेत. गाईचं नाव बदललं, पण सवय झाली होती, वर्षभर ती नव्या नावाला वळेना. तेव्हा घरातली, वाड्यातली आणि शेजारच्या शेतावरची नावं आधी आठवून घे.

पाट काळी आणि कानांवर पांढरे ठिपके, म्हणजे आईसारखी उस्मानाबादीच दिसतेय. तिला 'काजळी'. "काजळेऽऽ" म्हणताना तोंड मोठं उघडतं, आवाज आपोआप चढतो. ठिपक्यांवरून 'चित्री'ही चालेल, पण पुढं घरात दुसरी ठिपक्यांची आली तर पंचाईत. आणि जुळ्यांना 'चिंगी-पिंगी' असली जोडनावं देऊ नकोस. लांबून दोन्ही सारखीच ऐकू येतात, एकीला बोलवावं तर दोघं धावतात, नाहीतर दोघंही चरत राहतात.

राहिला बोकड. माझी आई म्हणायची, बोकडाला नाव ठेवू नये, विकताना जड जातं. जड जातंच, खोटं कशाला सांगू. पण सहा-आठ महिने जो आपल्या अंगणात उड्या मारणार, त्याला नुसतं 'ए' म्हणायला माझं मन घेत नाही. बुधवारी जन्मला ना, त्याला 'बुध्या' म्हण. "बुध्याऽऽ" सरळ जातं, आणि हरणे-काजळेत मिसळत नाही.

कानात १२ आकडी बिल्ला लागेल तो डॉक्टरांच्या नोंदीसाठी. नाव अंगवळणी पाडायचं काम तुझं. वासरू पाजायला सोडताना आधी हाक, मग दाव्याची गाठ. करडं जरा मोठी झाली की मूठभर भरडा हातात घेऊन हाक मार, आणि आली की तो द्यायलाच हवा, फसवायचं नाही. पहिले दिवस शक्यतो एकानंच, एकाच चालीत बोलवावं. आणि सुई टोचताना किंवा रागावताना नाव घेऊ नकोस गं. त्या नावाला भीती चिकटली की कितीही गोड हाक मार, जनावर लांबच उभं राहतं.

वसुबारसेला मी येतेय. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत येईन. बांधावर आले की घरी न येता आधी तिथूनच हाक मारणार आहे, "हरणेऽऽ काजळेऽऽ". माझा आवाज त्यांना नवा, पण चाल तुझीच धरीन. तू गोठ्यात उभी राहा आणि कोणाचे कान हलतात ते मला सांग.

तुझी,
आत्या