विषय: निर्यात मालात वापरलेल्या आयात सुट्या भागांवरील सीमाशुल्काच्या परताव्याबाबत (ड्युटी ड्रॉबॅक) मार्गदर्शन मिळण्याबाबत

दिनांक: 6 ऑक्टोबर 2025

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कारखान्यात रसायन उद्योगासाठी लागणारे औद्योगिक पंप तयार होतात. त्यांतील मेकॅनिकल सील, बेअरिंग आणि शाफ्टसाठी लागणारे विशेष मिश्रधातूचे गज आम्ही आयात करतो. कास्टिंग, मोटर व इतर भाग देशांतर्गत पुरवठादारांकडून घेतो. आजवर आमची विक्री देशातच होती. यंदा प्रथमच मोठी निर्यात सुरू झाली असून आयातीचे आणि निर्यातीचे दोन्ही काम यापुढे आपल्याकडे सोपवायचे ठरले आहे. त्यामुळे भरलेले सीमाशुल्क परत मिळवण्याचा मार्ग पहिल्यापासून नीट आखून घ्यावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

60 पंपांच्या पहिल्या खेपेला 21 ऑगस्ट 2025 रोजी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर मिळाली. खेपेचे एफओबी मूल्य 48,00,000 रुपये आहे. त्यात वापरलेल्या आयात मालाचे मूल्य सुमारे 16,00,000 रुपये असून त्यावर आम्ही 1,20,000 रुपये मूळ सीमाशुल्क आणि 12,000 रुपये समाजकल्याण अधिभार भरला आहे. शिपिंग बिलात ऑल इंडस्ट्री रेटने ड्रॉबॅक मागितला गेला असून त्या दराने आम्हाला सुमारे 72,000 रुपये मिळतील. ही रक्कम अद्याप बँकेत जमा झालेली नाही. तेवढ्याच पंपांची दुसरी खेप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रवाना होईल आणि तिचे शिपिंग बिल अजून दाखल व्हायचे आहे.

सीमाशुल्क कायदा, 1962 चे कलम 75 आणि 2017 चे ड्रॉबॅक नियम मी वाचले आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे, ऑल इंडस्ट्री रेटने मिळणारी रक्कम प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या चार-पंचमांशाहून कमी असेल, तर निर्यातदाराला नियम 7 खाली ब्रँड रेट निश्चित करून मागता येतो. आमच्या बाबतीत केवळ मूळ सीमाशुल्काशी तुलना केली तरी हे प्रमाण 60 टक्के भरते, म्हणजे अट पूर्ण होते. आमच्या मालासाठी दर ठरलेला असल्यामुळे नियम 6 लागू होणार नाही, असेही मी धरून चाललो आहे. ही मांडणी योग्य आहे का, आणि भरलेल्या शुल्काच्या हिशोबात अधिभार धरता येतो का, हे कृपया कळवावे. आयातीवेळी भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट आम्ही जीएसटी विवरणपत्रातून घेतो, म्हणून ती रक्कम या हिशोबात कुठेही धरलेली नाही.

माझी खरी अडचण पहिल्या खेपेची आहे. नियम 3 खाली दावा आधीच केला असेल तर नियम 7 चा मार्ग बंद होतो, असे नियमाच्या शब्दांवरून दिसते. दावा नोंदला गेला आहे पण रक्कम मिळालेली नाही, अशा स्थितीत कलम 149 खाली शिपिंग बिलात दुरुस्ती मागून तो दावा ब्रँड रेटकडे वळवता येईल का? आपल्या अनुभवात अशी दुरुस्ती मान्य होत असेल, तर घाई करावी लागेल, कारण ब्रँड रेटच्या अर्जासाठी असलेली तीन महिन्यांची मुदत 21 नोव्हेंबरच्या सुमारास संपते. मुदतवाढीची तरतूद आहे आणि तिचे शुल्कही फार नाही, पण पहिल्याच अर्जात उशिराची कारणे देत बसावे लागू नये, असे वाटते. दुरुस्ती मान्य होण्याची शक्यता नगण्य असेल तर तसे स्पष्ट सांगावे. 72,000 रुपयांवर समाधान मानून आम्ही दुसऱ्या खेपेवर लक्ष देऊ.

दुसऱ्या खेपेच्या शिपिंग बिलात ब्रँड रेटचा इरादा कोणत्या अनुक्रमांकाने नोंदवावा लागतो, आणि दर निश्चित होईपर्यंत काही रक्कम तात्पुरती मिळू शकते का, हे बिल दाखल करण्यापूर्वी समजणे आवश्यक आहे. ही खेप पहिल्यापेक्षा वेगळ्या बंदरातून जाणार आहे. अर्ज निर्यातीच्या ठिकाणाच्या सीमाशुल्क आयुक्तांकडे करायचा असतो आणि ठिकाणे अनेक असल्यास त्यांपैकी एकाकडे करता येतो, असे मी वाचले आहे. आपल्या कामाच्या सोयीने कोणते आयुक्तालय निवडावे ते सुचवावे.

पुराव्यांच्या बाबतीत आमची बाजू सगळीकडे सारखी भक्कम नाही. बेअरिंग आणि गज आम्ही स्वतः आयात केले असून त्यांची बिल ऑफ एन्ट्री व शुल्क भरल्याची चलने उपलब्ध आहेत. मेकॅनिकल सीलपैकी साधारण एक तृतीयांश मात्र एका व्यापाऱ्याकडून घेतले आहेत. त्याने ते स्वतः आयात केले होते आणि तो आपल्या बिल ऑफ एन्ट्रीची प्रत द्यायला तयार आहे. त्या सीलवरील शुल्क आमच्या दाव्यात धरायचे असल्यास त्याच्याकडून आणखी कोणते प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्याच्या बीजकावर बिल ऑफ एन्ट्रीचा उल्लेख असणे बंधनकारक आहे का? उरलेल्या दाव्याला यामुळे फाटे फुटणार असतील, तर सीलचा तेवढा भाग सोडून देण्याची आमची तयारी आहे.

गजांचा प्रश्न निराळा आहे. एकाच साठ्यातून देशांतर्गत आणि निर्यातीच्या दोन्ही पंपांचे शाफ्ट कापले जातात. भांडारातील नोंदी पहिला आलेला माल पहिला वापरला या पद्धतीने ठेवल्या आहेत, पण प्रत्येक गज कोणत्या पंपात गेला याची नोंद नाही. पडताळणीला येणारे अधिकारी एवढ्या नोंदी ग्राह्य धरतात, की निर्यातीच्या ऑर्डरसाठी गज वेगळे काढून स्वतंत्र जॉब कार्ड ठेवावे लागेल? तसे करायचे असेल तर दुसऱ्या खेपेचे शाफ्ट कापायला घेण्यापूर्वी, म्हणजे याच आठवड्यात, कळायला हवे. कापणीत सुमारे 11 टक्के भंगार निघते आणि ते आम्ही विकतो. हे प्रमाण डीबीके तक्त्यांत कसे दाखवायचे, भंगाराचे मूल्य दाव्यातून वजा करायचे का, आणि वापराच्या प्रमाणासाठी चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते का, हेही सांगावे.

याशिवाय 14 सील मापात न बसल्यामुळे न वापरता परदेशी पुरवठादाराला परत पाठवायचे आहेत. तो दावा कलम 74 चा, म्हणजे 98 टक्क्यांचा, असल्याने या प्रकरणात मिसळू नये. शुल्क भरल्यापासून दोन वर्षे झालेली नाहीत, तेव्हा त्याचे सवडीने पाहू.

पुढच्या वर्षी निर्यात वाढली तर ॲडव्हान्स ऑथोरायझेशन घेऊन शुल्क न भरताच माल आणणे अधिक किफायतशीर ठरेल का, याबद्दल आपले मत जाणून घ्यायला आवडेल. माझा कल सध्या ड्रॉबॅककडे आहे, कारण निर्यातीचे बंधन अंगावर घेण्याइतक्या पक्क्या ऑर्डर अजून हातात नाहीत. ड्रॉबॅकसोबत रोडटेपचा लाभही चालू राहतो असे मी समजतो. ब्रँड रेट घेतल्याने त्यात काही बदल होत असल्यास तेवढे कळवावे.

पहिल्या खेपेचे शिपिंग बिल, सर्व बिल ऑफ एन्ट्री, एका पंपाच्या सुट्या भागांची यादी आणि साठा नोंदवहीच्या ऑगस्ट महिन्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या कामासाठी आपले शुल्क प्रत्येक अर्जामागे आकारले जाते की मिळालेल्या परताव्याच्या टक्केवारीत, तेही लिहावे. गजांच्या नोंदीबाबतचे उत्तर शुक्रवारपर्यंत फोनवर मिळाले तरी चालेल. बाकीची उत्तरे लेखी हवी आहेत, म्हणजे आमच्या लेखा विभागाला ती दाखवता येतील.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, निर्यात विभाग