तेवीस शून्यं

थिसिस जमा करायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची होती, आणि मी रात्री पावणेअकराला आभाराचं पान लिहीत बसले होते. तेवढं एकच पान राहिलं होतं. बाकीचं सगळं बडोद्यातच, फतेहगंजातल्या बाईंडिंगवाल्याकडे छापून पडलेलं, चारपैकी दोन कॉप्या तर काळ्या रेक्झिनमध्ये बांधूनसुद्धा झाल्या होत्या, वर सोनेरी अक्षरात माझं नाव, बाबांनी त्याचा फोटो सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि पुण्याच्या आत्याचं "डॉक्टरीणबाई" पण येऊन गेलं होतं.

मॅडमचे आभार झाले, आई-बाबांचे झाले, एसपीएसएस शिकवणाऱ्या सीनियरचे झाले. मग त्या १८६ बायका. त्यांच्याशिवाय थिसिसच नसता, पण नावं लिहायची नाहीत असं संमतीपत्रात मीच त्यांना लिहून दिलेलं, म्हणून मग "सर्व सहभागी भगिनींचे" असं लिहिलं आणि ते इतकं कोरडं वाटलं ना, सोसायटीच्या नोटिशीसारखं. म्हटलं एखादी आठवण घालू. फील्डची डायरी काढली, धुळीने पानं करकरीत झालेली, आणि मार्चच्या एका पानावर थांबले.

"W117. होळीला उद्याच गावी जाणार, आत्ताच विचारून घे म्हणाली. तांदळजाची भाजी, मक्याचा रोटला. मी दोन खाल्ले. लाज."

रमिलाबेन. (खरं नाव हे नाही.) वाघोडिया रोडच्या साइटवर राहायची, दाहोदकडची. होळीला ही सगळी मंडळी गावी जातात, काम कितीही असू दे, कॉन्ट्रॅक्टर कितीही ओरडू दे, बांधकामं ओस पडतात. तिच्या झोपडीमागे पाण्याचा टँकर गळायचा आणि त्या ओलीवर तांदुळजा माजलेला, शेजारी लूणी, जिला आमची आजी घोळ म्हणायची. फुकटची भाजी. आमच्या दांडिया बाजारात आई तीच जुडी घासाघीस करून घेते.

माझा विषयच तो. आठवड्यातून किती दिवस पालेभाजी खाता, आधी एकदा विचारायचं, मग तीन महिने माहितीसत्रं घ्यायची, मग परत विचारायचं. सहज म्हणून फाइल उघडली, रमिलाबेनचं दुसऱ्या फेरीचं उत्तर काय होतं ते बघायला. आभारात लिहायला बरं पडेल, एवढंच डोक्यात.

शून्य.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. मी स्वतः तिच्या हातची भाजी खाल्लीय. वाटलं टाइप करताना चुकलं असेल, एक सेल आहे, एका सेलने काय होतंय. मूळ शीटवर गेले, जिथे मी फॉर्मवरून आकडे भरले होते, तिथे W117 समोर स्वच्छ ५. म्हणजे भरलेलं बरोबर होतं आणि ज्या शीटवरून अख्खा थिसिस झाला तिथे शून्य. सेलवर क्लिक केलं.

```
=IFERROR(VLOOKUP(A118,Round2!A118:H303,5,FALSE),0)
```

माझा डेटा १८७ व्या ओळीला संपतो. ३०३ कुठून आलं?

ज्यांना एक्सेल येतं त्यांना एव्हाना कळलं असेल, मला मात्र दहा मिनिटं लागली कारण डोकं मान्यच करत नव्हतं. डॉलरचं चिन्ह नव्हतं. पहिल्या ओळीत मी A2:H187 लिहिलं आणि फॉर्म्युला खाली ओढला, आणि डॉलर नसल्यामुळे प्रत्येक ओळीबरोबर ती रेंजपण एकेक घर खाली सरकत गेली. बहुतेक बायका तरी सापडल्या, कारण यादी क्रमाने होती आणि त्या सरकलेल्या रेंजच्या आतच होत्या. पण होळीला जाणाऱ्या बायकांना मी आधी गाठलेलं, त्यांचे फॉर्म आधी भरले, म्हणून त्या दुसऱ्या शीटवर अगदी वर, पहिल्या तेवीस ओळींत. रमिलाबेन नवव्या ओळीत बसलेली आणि माझा फॉर्म्युला तिला ११८ व्या ओळीपासून खाली शोधत होता.

न सापडल्यावर एक्सेल बिचारं ओरडतं, `#N/A` असं दाखवतं. ते ओरडणं मीच बंद केलं होतं. फेरी अर्धी झाली असताना शीट फार घाण दिसत होती म्हणून `IFERROR` लावून तात्पुरतं शून्य टाकलं. तात्पुरतं! सेल रिकामा राहिला असता तर `AVERAGE` ने त्याला निदान मोजला तरी नसता, शून्य मात्र तो इमानदारीत मोजतो.

फिल्टर लावला. तेवीस शून्यं, तेवीसच्या तेवीस साइटवरच्या.

आता खरी गंमत सांगते. साइटवरच्या ६१ बायकांची सरासरी पहिल्या फेरीत ३.२ दिवस होती आणि दुसऱ्या फेरीत १.९ वर आलेली, आणि ही घसरण म्हणजे माझ्या थिसिसचा हिरो होता. पाचव्या प्रकरणात त्यावर सहा पानं होती. सणाआधी हातातला पैसा संपतो, गावी पाठवायला बचत करतात, आधी भाजी कापली जाते, असं सगळं, वर दोन आकृत्या. प्री-सबमिशनला एका सरांनी "व्हेरी सेन्सिटिव्ह अनॅलिसिस" म्हटलं होतं. त्या बायकांच्या गरिबीवर मी इतकं सुंदर लिहिलं होतं, की भाजी फुकट उगवते हे माझ्याच डायरीत असून मला दिसलं नाही.

कोर्सवर्कमध्ये आम्हाला हार्वर्डच्या दोन अर्थतज्ज्ञांचा किस्सा सांगितलेला, राइनहार्ट आणि रोगॉफ, २०१० चा देशांच्या कर्जावरचा पेपर, एक्सेलमध्ये सरासरीची रेंज पाच ओळी आधीच संपलेली म्हणून पाच देश गळाले, आणि २०१३ मध्ये ते पकडलं अॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने. तेव्हा मी शेवटच्या बाकावर खिदळले होते. एवढी मोठी माणसं आणि ओळी सिलेक्ट करता येत नाहीत!

साडेअकरा. लॅपटॉप बंद करून झोपता आलं असतं, हे मी खोटं नाही बोलणार. कोण बघणार होतं? परीक्षक फाइल थोडीच मागतात. थिसिस कपाटात जातो आणि पीडीएफ कुठेतरी वर चढते. पंधरा-वीस मिनिटं मी हाच विचार करत होते, बेसिनपाशी उभी राहून, नळ चालू ठेवून. मग आई पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "नळ का सोडलायस गं?" आणि मी रडायलाच लागले.

आईला डॉलरचं चिन्ह काही कळलं नाही. एवढं कळलं की तेवीस बायकांचं उत्तर चुकीचं गेलंय. "मग कागद काढ की," म्हणाली. "बघू तरी खरं काय ते." माळ्यावरचा खोका बाबांनी उतरवला, झोपेत, बनियनवर, एक शब्द न बोलता, आणि चहा टाकायला गेले. फॉर्म्युल्यावर आता माझा काडीचा भरवसा नव्हता म्हणून कागदावरूनच तपासायचं ठरलं. आईने चष्मा लावला आणि ती वाचायला लागली, मी टिक करत गेले.

"डब्ल्यू एकशे सतरा, पाच. एकशे एकोणीस, चार. एकशे बावीस, सहा." मग थांबली. "अगं, ह्या आपल्यापेक्षा जास्त खातात की."

तेवीस जणींची बेरीज ९२. साइटची नवी सरासरी ३.४. म्हणजे घसरण नाहीच. ३.२ चे ३.४, वाढ म्हणावी तर तीही एवढीशी, टेस्ट परत चालवली तर त्यात काही दम नाही. वस्तीतल्या बाकीच्या १२५ जणी २.६ वर, त्यांच्यापेक्षा ह्या पुढे. माझी सत्रं ऐकायच्या आधीपासूनच पुढे. मी तक्ता घेऊन त्यांना पालेभाजीचं महत्त्व शिकवत होते आणि त्या मान डोलवत ऐकत होत्या, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

रात्रभर फॉर्म्युले बदलत बसले.

```
=VLOOKUP(A2,Round2!$A$2:$H$187,5,FALSE)
```

`IFERROR` काढून टाकलं, दिसू दे घाण दिसायची तर. सात तक्ते बदलले, गोषवारा बदलला, निष्कर्षातला तिसरा मुद्दा उडाला. ती सहा पानं सिलेक्ट करून डिलीटवर बोट ठेवलं तेव्हा पोटात तुटलं, इतकं चांगलं गद्य मी परत काही लिहिणार नाही. त्याजागी दीड पान आलं, कोरडं. फरक आढळला नाही. साइटवर रानभाजी विनामूल्य मिळते, ती प्रश्नावलीत स्वतंत्र विचारली नव्हती, ही अभ्यासाची मर्यादा.

मॅडम साडेपाचला कमाटीबागेत चालायला जातात हे माहीत होतं, पाच पस्तीसला फोन लावला.

"बोल बेटा, शुं थयुं?"

एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे काहीच नाही, नुसते मोर ओरडत होते. मला वाटलं आता म्हणतील की पाच वर्षं काय केलंस, किंवा म्हणतील की राहू दे, आता कशाला. राहू दे म्हणतील अशी भीती जास्त होती, कारण मी कदाचित ऐकलं असतं.

"शीट मी पण बघितली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा." परत थोडा वेळ गेला. "पानं किती बदलली?"

"प्रकरण चार, पाच, गोषवारा. आणि अनुक्रमणिका."

"प्लेजरिझमचा रिपोर्ट परत काढावा लागेल. सही परत लागेल. साडेनऊला डिपार्टमेंटला ये, मी लायब्ररीत बोलते. आणि जुनी फाइल उडवू नकोस, तारीख टाकून ठेव दोन्ही." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "काही खाल्लंस का?"

आठला बाईंडिंगवाल्या काकांच्या शटरसमोर मी आणि बाबा उभे, बाबांच्या हातात शेजारच्या गाडीवरून घेतलेल्या सेव-उसळीची प्लेट, मला एक घास जात नव्हता. काकांनी ऐकून घेतलं, बांधलेल्या दोन्ही कॉप्या काउंटरवर ठेवल्या आणि कटर पुठ्ठ्याच्या सांध्यात घातला. रेक्झिन फाटताना जो आवाज होतो तो मी इथे लिहू शकत नाही. बाबा दुसरीकडे बघत होते.

"दर महिन्याला एक तरी येते," काका गुजरातीत म्हणाले. "कोणाचं नाव चुकतं, कोणाचा फोटो उलटा. तुमचं काय चुकलं?"

"डॉलर," बाबा म्हणाले.

काकांना वाटलं पैशाचं काहीतरी असेल, त्यांनी पुढे विचारलं नाही. नवी पानं मोजली, जुन्या गठ्ठ्याशेजारी धरून बघितली. "पातळ झाली. जुना पुठ्ठा ढिला पडेल, कणा नवा कापावा लागेल. दुपारी दोनला या." मग पेन काढलं. "आभाराचं पान आलं नाही अजून. ते घालायचं ना?"

ते मी त्यांच्याच काउंटरवर लिहिलं, पावतीच्या मागे, आणि त्यांच्या मुलाने टाइप केलं. त्यात एक ओळ आहे, मक्याच्या दोन रोटल्यांची. नाव नाही, नुसता नंबर.